वरून छापतो, खालून नाही

"सर, प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय. पण डॉक्टर वरून प्रिंट देतात तेव्हा बरोबर येतं. आम्ही खालून दिलं की येत नाही."

नाशिकच्या एका दातांच्या दवाखान्यातून रिसेप्शनच्या ताईंचा हा फोन होता. प्रिंटर त्यांच्या टेबलावरच, लॅपटॉपपासून हातभर अंतरावर. डॉक्टर मात्र वरच्या मजल्यावर, दोन भिंती आणि एक स्लॅब ओलांडून. लांबच्याला छापता येतं आणि जवळच्याला नाही, असं गिऱ्हाईक सांगतं तेव्हा पुष्कळ जण मनातल्या मनात हसतात. मी अशी तक्रार शब्दशः धरतो, कारण बहुतेक वेळा निदान त्यातच असतं.

मी पोचलो त्याआधी प्रिंटर कंपनीचा माणूस येऊन गेला होता. त्याने ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला होता, प्रिंटर वायफायवर नव्याने जोडला होता. प्रिंटरच्या छोट्या स्क्रीनवर जोडणीची खूण होती, पत्ता 192.168.1.40. ताईंच्या लॅपटॉपवर इंटरनेट उत्तम चालू होतं. तरी लॅपटॉपवरून प्रिंटरला पिंग केलं तर हे आलं:

```
ping 192.168.1.40
Reply from 192.168.1.23: Destination host unreachable.
```

घाईत वाचणाऱ्याला वाटतं की प्रिंटरकडून काहीतरी उत्तर आलं. पण 192.168.1.23 हा ताईंच्या लॅपटॉपचाच पत्ता. म्हणजे लॅपटॉप स्वतःच स्वतःला सांगतोय की मी हाका मारल्या, कुणी ओ दिली नाही. एकाच नेटवर्कवरच्या यंत्राशी बोलायचं तर आधी "40 क्रमांक कोणाचा?" असा एआरपीचा पुकारा करून त्याचा मॅक पत्ता मिळवावा लागतो. तो मिळाला नाही की विंडोज असं लिहितं. मग `arp -a` दिलं. राउटरची ओळ होती, प्रिंटरची नव्हती. लॅपटॉपला केबल लावून तो थेट राउटरला जोडला आणि त्याच ड्रायव्हरने पान लगेच बाहेर पडलं.

प्रिंटर निर्दोष, ड्रायव्हर निर्दोष, वायफायचा सिग्नल निर्दोष. उरतो तो अॅक्सेस पॉइंट. त्याच्या सेटिंगमध्ये शिरलो तर मुख्य नेटवर्कच्या पानावर `AP Isolation` पुढे बरोबरची खूण होती.

हीच सोय वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांत वेगवेगळ्या नावांनी येते. कुठे `Client Isolation`, कुठे `Wireless Isolation`. मायक्रोटिकच्या जुन्या वायरलेस पॅकेजमध्ये तर ती उलट्या बाजूने येते: तिथे `Default Forward` ची खूण काढायची असते. ओपनडब्ल्यूआरटीत वायफायच्या फाइलमध्ये `option isolate '1'` अशी एक ओळ. काम मात्र सगळीकडे एकच. आपल्याला वाटतं की एका वायफायवरचे दोन फोन एकमेकांशी सरळ बोलतात. ते तसं नसतं. एक फोन जे पाठवतो ते अॅक्सेस पॉइंटकडे जातं आणि अॅक्सेस पॉइंट ते दुसऱ्या फोनसाठी पुन्हा हवेत सोडतो. ही खूण केली की अॅक्सेस पॉइंट ते मधलं पोस्टमनचं काम करायचं नाकारतो. इंटरनेटकडे जाणारं सगळं जातं, शेजाऱ्याकडे जाणारं टाकून दिलं जातं.

यात "सगळ्यांना" उद्देशून केलेला पुकाराही आला. म्हणून लॅपटॉपचा एआरपी प्रिंटरपर्यंत पोचलाच नाही. आणि म्हणूनच दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर फोनवरून व्हिडिओ टाकणंही त्याच आठवड्यात बंद पडलं होतं. टीव्ही, स्पीकर, प्रिंटर ही मंडळी 224.0.0.251 या सामाईक पत्त्यावर "मी इथे आहे" असं जाहीर करत असतात. ते जाहीर करणंच अडलं की फोनच्या यादीत टीव्ही दिसत नाही. ताईंनी त्यावर तोडगा काढला होता. यूट्यूबमध्ये टीव्हीवर दिसणारा कोड फोनमध्ये टाकून त्या काम चालवत होत्या. तो मार्ग इंटरनेटवरून फिरून जातो, त्यामुळे आयसोलेशन त्याला अडवत नाही. ज्या स्मार्ट बल्बची आणि कॅमेऱ्यांची अॅप्स कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालतात तीही याच कारणाने चालू राहतात आणि गोंधळ वाढवतात. निम्मं घर चालतं, निम्मं नाही, आणि माणूस भलत्याच ठिकाणी दोष शोधत बसतो.

आता वरच्या मजल्याचं कोडं. दवाखान्यात दोन अॅक्सेस पॉइंट आहेत, एक खाली, एक वर, दोन्ही केबलने एकाच स्विचला जोडलेले. आयसोलेशन दोन्हींवर चालू होतं. पण या प्रकारात प्रत्येक अॅक्सेस पॉइंट फक्त स्वतःच्या अंगणापुरतं बघतो: माझ्याकडे जोडलेल्या दोघांना एकमेकांशी बोलू देणार नाही. डॉक्टरांचा लॅपटॉप वरच्याला जोडलेला. त्याचा पुकारा वरच्या अॅक्सेस पॉइंटने केबलवर ढकलला, स्विचमधून तो खालच्याकडे आला. खालच्याला तो केबलवरून आलेला दिसला, म्हणजे घरातलाच. त्याने तो प्रिंटरला पोचवला, आणि प्रिंटरचं उत्तर आलेल्या वाटेने परत गेलं. ताईंचा लॅपटॉप आणि प्रिंटर मात्र एकाच अॅक्सेस पॉइंटवर, म्हणून अडले. तक्रारीत एकही शब्द चुकीचा नव्हता.

काही राउटरांमध्ये असाच प्रकार 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांमध्ये होतो. दोन्ही पट्ट्या राउटरच्या आत वेगवेगळी दारं असतात आणि आयसोलेशन एकेका दारापुरतं असतं. मग प्रिंटर 2.4 वर आणि फोन 5 वर असला की छपाई होते, फोन दुसऱ्या खोलीत जाऊन 2.4 वर घसरला की बंद. गिऱ्हाईक म्हणतं "कधी होतं, कधी नाही". ते "कधी" म्हणजे नेमकं कुठे उभं राहून, हे विचारावं.

खूण कोणी केली हेही कळलं. डॉक्टरांचा भाचा इंजिनिअरिंगला आहे. दवाखान्याचा वायफाय पासवर्ड रिसेप्शनच्या फळ्यावर पेशंटसाठी लिहून ठेवलेला बघून तो धास्तावला. कुणीही येऊन मामाच्या एक्स-रेच्या मशीनमध्ये शिरेल, या भीतीने त्याने रविवारी बसून आयसोलेशन चालू केलं. भीती अगदी रास्त होती. मला तो मुलगा आवडला. असा विचार करणारा माणूस लहान दवाखान्यांत क्वचितच भेटतो.

मी डॉक्टरांना म्हटलं, "साहेब, एक गंमत दाखवतो." माझा फोन फळ्यावरच्या पासवर्डने जोडला, फोनमधल्या फाइल मॅनेजरमध्ये नेटवर्कचा पर्याय उघडून 192.168.1.10 टाकला. हा खुर्चीशेजारच्या संगणकाचा पत्ता, ज्याला एक्स-रेचा आरव्हीजी सेन्सर जोडलेला असतो. पासवर्ड न विचारता फोल्डर उघडले, एकेका पेशंटच्या नावाचे. डॉक्टर गप्प झाले. भाचा म्हणाला, "पण काका, आयसोलेशन तर चालू आहे!"

चालू होतंच. पण तो संगणक केबलने जोडलेला. आयसोलेशन वायफायवरच्या दोघांमधली देवाणघेवाण थांबवतं. वायफायवरून केबलकडे जाणारी वाट ते साध्या उपकरणांत मोकळीच ठेवतं, कारण राउटर आणि इंटरनेटही त्याच वाटेवर असतात. त्या संगणकावर मशीन बसवणाऱ्याने डॉक्टरांना लॅपटॉपवरून फोटो सहज दिसावेत म्हणून फोल्डर सगळ्यांना खुला केला होता आणि पासवर्डची अट काढली होती. म्हणजे त्या एका खुणेने ताईंचा प्रिंटर बंद पाडला आणि ज्याच्यासाठी ती केली होती तो एक्स-रेचा संगणक होता तसाच उघडा राहिला.

मुख्य नेटवर्कवर आयसोलेशन चालू करावं का, असं मला कुणी विचारलं की मी उलट विचारतो: या नेटवर्कवर कोण कोण आहे आणि कोणाचं कोणाशी काम पडतं? दवाखान्यात उत्तर सरळ होतं. लॅपटॉप, प्रिंटर, टीव्ही, एक्स-रे यांना एकमेकांची गरज आहे. पेशंटच्या फोनला यांपैकी कुणाचीच नाही, आणि दुसऱ्या पेशंटच्या फोनचीही नाही. अशा दोन जमाती एका पासवर्डखाली नांदत असतील तर कुठलीही एक खूण दोघांना न्याय देणार नाही. त्यांचं नेटवर्क वेगळं करावं लागतं.

तेच केलं. इंटरनेट कंपनीच्या राउटरमागे एक छोटा राउटर बसवला, स्विच बदलून व्हीलॅन कळणारा घेतला. मुख्य वायफाय 192.168.1.x वरच ठेवलं, आयसोलेशन काढलं, पासवर्ड बदलला आणि तो फळ्यावर लिहायचा नाही असं ठरलं. पेशंटसाठी दुसरं नाव, दुसरा व्हीलॅन, पत्ते 192.168.20.x. तिथून 192.168.1.x कडे जाणारं सगळं राउटरच्या फायरवॉलमध्ये बंद. एक्स-रेच्या फोल्डरला पासवर्ड लावला. तो आधीच असायला हवा होता, नेटवर्क कसंही असो.

आयसोलेशन आता पेशंटच्या नेटवर्कवर चालू केलं, आणि तिथे ते शोभतं. पण वरचा पेशंट आणि खालचा पेशंट स्विचमधून एकमेकांना गाठू शकतातच, प्रिंटरचं कोडं त्याच वाटेने घडलं होतं. यावर पटकन सुचणारा उपाय म्हणजे स्विचमध्ये पोर्ट आयसोलेशन: दोन्ही अॅक्सेस पॉइंटांची पोर्ट एकमेकांपासून तोडायची, दोघांना फक्त राउटर दिसू द्यायचा. मात्र साध्या स्विचमध्ये हे पूर्ण पोर्टला लागू होतं, एका व्हीलॅनपुरतं नाही. तसं केलं असतं तर डॉक्टरांचं वरून छापणंही बंद झालं असतं! म्हणून अॅक्सेस पॉइंटमध्येच, फक्त पेशंटच्या नेटवर्कसाठी, नियम घातला की इथल्या फोनला राउटरच्या मॅक पत्त्याशिवाय दुसरीकडे काही पाठवता येणार नाही. ही सोय असलेला अॅक्सेस पॉइंट घ्यावा, ती सगळ्यांत नसते.

तरीही एक फट राहते आणि ती फार कमी जण बघतात. एखाद्याने पॅकेट राउटरच्या मॅकवर पाठवलं, पण आतला आयपी पत्ता शेजाऱ्याचा ठेवला तर? अॅक्सेस पॉइंट म्हणतो, राउटरलाच चाललंय, जाऊ दे. राउटर आतला पत्ता वाचतो आणि ते इमानदारीने परत शेजाऱ्याकडे पाठवतो. तपासायला लॅपटॉपवर एक ओळ पुरते:

```
route add 192.168.20.51 mask 255.255.255.255 192.168.20.1
```

यानंतर 51 ला पिंग केलं तर बहुधा उत्तर येत नाही आणि माणूस समाधानाने उठतो. पण उत्तर न येण्याचं कारण वेगळं असू शकतं: पॅकेट पोचतं, पण 51 वाला उत्तर द्यायला आपल्याला थेट शोधतो आणि तो थेट रस्ता बंद असतो. म्हणून 51 च्या लॅपटॉपवर वायरशार्क लावून पॅकेट आलं का ते बघावं. दवाखान्यात ते येत होतं. राउटरमध्ये 192.168.20.x कडून 192.168.20.x कडे जाणारं फेकून द्यायचा नियम घातला, मग थांबलं.

याच्या अगदी उलट ठिकाण म्हणजे हॉस्टेल. पुण्यातल्या एका मुलींच्या हॉस्टेलचं काम माझ्याकडे होतं. तिथे मुख्य नेटवर्कवरच आयसोलेशन ठेवलं आणि त्याबद्दल मला जराही शंका नव्हती. प्रत्येक खोलीत अनोळखी लॅपटॉप, पासवर्ड सगळ्यांना एक, कुणाच्या विंडोजला अपडेट आहेत कुणाच्या नाहीत. मे 2017 मध्ये वॉनाक्राय पसरला तो पोर्ट 445 वरून, म्हणजे फाइल शेअरिंगच्याच दारातून, एका संगणकावरून शेजारच्यावर उड्या मारत. मायक्रोसॉफ्टने त्याचं अपडेट दोन महिने आधी, मार्चमध्ये दिलं होतं, पण ते न टाकलेले संगणक पुष्कळ होते. एका बाधित लॅपटॉपला शेजारी दिसलाच नाही तर अशा किड्याची वाट तिथेच खुंटते. तिथे मजल्यागणिक अॅक्सेस पॉइंट होते आणि स्विचमध्ये पोर्ट आयसोलेशनही बिनधास्त लावलं, कारण कुणाचंच कुणाशी काम नव्हतं. ऑफिसचा प्रिंटर आधीच वेगळ्या नेटवर्कवर नेला होता.

हॉस्टेलांतला दुसरा जुना त्रास म्हणजे नेटकट. एखादी मुलगी ते चालवून सगळ्या मजल्याला खोटं सांगते की राउटर मीच, आणि बाकीच्यांचं इंटरनेट तुटतं. आयसोलेशनने हे खोटं मैत्रिणींपर्यंत पोचत नाही. पण खोट्याची दुसरी बाजू शिल्लक राहते: ती राउटरला सांगू शकते की अमुक मुलीचा पत्ता माझा आहे, कारण राउटरशी बोलायची तिला मुभा आहेच. त्यासाठी स्विचमध्ये किंवा अॅक्सेस पॉइंटमध्ये एआरपी तपासणी वेगळी लावावी लागते.

मुलींच्या तक्रारी आल्याच. मिनी मिलिशिया खेळायला एकमेकींचा खेळ सापडेना. त्यांनी स्वतःच मार्ग काढला, एकीने मोबाइलचा हॉटस्पॉट लावायचा आणि बाकीच्यांनी त्याला जोडायचं. रेक्टरबाईंनी मला विचारलं, "हे चालेल ना?" चालेल. चार मैत्रिणी ठरवून एकमेकींना दार उघडतात आणि एका पासवर्डवर पूर्ण इमारत उघडी असते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण तिथेही मी कुणाला सांगितलं नाही की आता तुम्ही एकमेकींपासून सुरक्षित आहात. आयसोलेशन म्हणजे अॅक्सेस पॉइंटने काय पुढे पाठवू नये याचा नियम. हवेत जे उडतंय त्यावर त्याचा ताबा नाही. डब्ल्यूपीए2 चा पासवर्ड ज्याला माहीत आहे तो दुसऱ्याच्या जोडणीची सुरुवात पकडून त्याची वाहतूक नुसती ऐकून उलगडू शकतो. त्याला अॅक्सेस पॉइंटची मदत लागतच नाही. डब्ल्यूपीए3 ने ही गोष्ट बंद केली. दुसरी गोष्ट पुण्याचीच आहे. 2010 मध्ये एअरटाइट नेटवर्क्स या कंपनीच्या संशोधकांनी, ज्यांचं काम पुण्यातून चाले, एक उणीव मांडली. तिला होल 196 म्हणतात, कारण तिचा उगम वायफायच्या मानकाच्या 196 क्रमांकाच्या पानावर होता. वायफायमध्ये प्रत्येकाची स्वतःची किल्ली असते, शिवाय "सगळ्यांना" पाठवायच्या संदेशांसाठी एक सामाईक किल्लीही असते आणि ती जोडलेल्या प्रत्येकाकडे असते. ती वापरून कुणीही अॅक्सेस पॉइंटचं सोंग घेऊन थेट हवेत संदेश सोडू शकतो. तो अॅक्सेस पॉइंटमधून जातच नाही, मग आयसोलेशन त्याला अडवणार कसं? याला उतारा म्हणजे प्रत्येकाला वेगळी सामाईक किल्ली देणं, पण तसं केलं की "सगळ्यांना" हा प्रकारच संपतो. होस्टएपीडीत `disable_dgaf=1` ही ओळ त्यासाठीच आहे. घरगुती राउटरांत मी ती सोय पाहिलेली नाही.

घरी तपासायचं असेल तर एक लॅपटॉप आणि दुसरा लॅपटॉप किंवा फोन एकाच राउटरशेजारी घ्या आणि लॅपटॉपवरून दुसऱ्याला पिंग करा. पण नुसतं उत्तर आलं नाही म्हणून आयसोलेशन आहे असं धरू नका. विंडोजमध्ये नेटवर्क "पब्लिक" म्हणून नोंदलेलं असलं की त्याचा स्वतःचा फायरवॉल पिंगला उत्तर देत नाही. पिंगनंतर लगेच `arp -a` बघा. दुसऱ्याचा मॅक पत्ता तिथे आला असेल तर तो ऐकतोय, फक्त बोलत नाही, आणि आयसोलेशन नाही. काही मोठे अॅक्सेस पॉइंट मात्र एआरपीचं उत्तर दुसऱ्याच्या वतीने स्वतःच देतात. तिथे पत्ता दिसतो तरी पिंग "Request timed out" वर अडकतं, म्हणून अशा ठिकाणी फायरवॉल थोडा वेळ बंद करून पुन्हा बघावं लागतं. मग दोघांतलं एक यंत्र दुसऱ्या मजल्यावर नेऊन हेच करा, आणि एक लॅपटॉप केबलला लावूनही. तीन ठिकाणी तीन उत्तरं आली तर दचकू नका. ती बहुधा तिन्ही खरी असतात.

माझ्या धंद्यातल्या मंडळींना एक विनंती आहे. आयसोलेशन चालू करून जाताना कोणत्या नेटवर्कवर केलं आणि कशासाठी केलं हे राउटरला चिकटवलेल्या कागदावर लिहून जा. ते लिहिलेलं नसलं की पुढचा माणूस येऊन प्रिंटरचा ड्रायव्हरच पुन्हा टाकत बसतो, आणि गिऱ्हाईक त्याचे पैसे देत राहतं.